‘सारख्या’ हा शब्द वगळून

मी, वय वर्षे एकोणऐंशी, वर्तमानपत्रात छायाचित्रांखालच्या ओळी लिहिण्याच्या कामातून निवृत्त झालेला, चौथ्या मजल्यावरच्या माझ्या स्वकष्टार्जित घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंनी काल येऊन तसं तपासलं आणि लिहून दिलं. कागद सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करत आहे. ते चुकीचं नव्हतं, पण त्यात एक माणूस राहून गेलं होतं.

सकाळपासून खिडकीबाहेर धुकं आहे. समोरची इमारत कधी दिसते, कधी नाही. माझ्या आठवणींचंही हल्ली तसंच होतं, म्हणून जे स्पष्ट दिसतंय ते आधी लिहून घेतो.

कलम १. घर.
हे घर माझ्यामागे दोघांना समान वाट्याने मिळावं: माझ्या मुलाला, आणि ताईंच्या लेकीला. ताई म्हणजे कोण, ते इथेच सांगितलं पाहिजे. नाहीतर हे कलम वाचणाऱ्या वकिलाच्या भुवया वर जातील आणि तिथेच राहतील.

ताई आमच्याकडे घरकाम करायच्या. तेहतीस वर्षं. पहिल्या दिवशी आल्या तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता आणि माझी पत्नी टेलिफोन कचेरीत पाळ्या करायची. ताईंनी दारातच विचारलं, “सुटी कुठल्या वारी?” पत्नी म्हणाली, “बघू, जमेल तसं.” ताई म्हणाल्या, “जमेल तसं नको, वार सांगा.” रविवार ठरला, आणि तेहतीस वर्षांत त्यांनी एकही रविवार सोडला नाही. त्या माझ्याहून सोळा वर्षांनी लहान होत्या, तरी मी त्यांना ताई म्हणू लागलो, त्या मला दादा. कधीपासून, ते आठवत नाही. पत्नी शेवटची आजारी पडली त्या वर्षी असावं. तेव्हा तिची वेणी घालण्यावरून आमच्यात वाद व्हायचा. मी घातलेली वेणी ताई सोडायच्या आणि पुन्हा घालायच्या.

त्यांची लेक शाळा सुटली की इथेच यायची, याच टेबलाशी गृहपाठ करायची. आता ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते.

कलम २. माझी चूक.
मृत्युपत्रात चूक नोंदवण्याची पद्धत नाही. तरी मी नोंदवतो, कारण पुढची कलमं तिच्यातून निघाली आहेत.

गेल्या वर्षी एका सकाळी लेकीचा फोन आला. “काका, आई गेली. झोपेतच.” एवढंच बोलून तिने ठेवला. मी तासभर खुर्चीत बसून होतो. मग मी ते केलं जे मला येतं. फोनमधला एक फोटो काढला. मुलाच्या वाढदिवसाचा होता, ताई कडेला ट्रे घेऊन उभ्या. बाकीचे कापून टाकले. मुलाचं कोपर तेवढं राहिलं. खाली ओळी लिहिल्या: “तेहतीस वर्षे आमच्या घराची निःस्वार्थ सेवा करणाऱ्या, अगदी घरातल्यासारख्या, सदैव हसतमुख अशा आमच्या लाडक्या मावशी आज आम्हाला पोरकं करून गेल्या.” आणि सगळ्या ओळखीच्यांना पाठवल्या. दुपारपर्यंत दोनशे लोकांनी हात जोडले. ‘काय लिहिलंत,’ म्हणाले. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

त्या ओळी फिरत फिरत ताईंच्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचल्या. तिला अजून कोणी कळवलं नव्हतं. ती तेव्हा बसमध्ये उभी होती.

लेक महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी फोन करायचो, ती उचलायची नाही. त्या महिन्यात मला दुपारी एकच स्वप्न पडायचं. गच्चीवर चादरी वाळत घातलेल्या, उन्हाने भरलेल्या. चादरींपलीकडे पत्नी आणि ताई बोलत आहेत. शब्द येत नाहीत, नुसता सूर येतो. मी चादर बाजूला करतो, तर पुढे आणखी एक चादर. भीती वाटायची नाही. फक्त आपल्याला कोणी बोलावलेलं नाही, एवढं कळायचं.

मग एका शनिवारी लेक आली. बसली. पर्समधून त्या ओळींची छापील प्रत काढली आणि माझ्यापुढे सरकवली.

“काका, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळी तपासल्यात. ह्या तपासा.”

मी चष्मा पुसला.

“मावशी कोण?” ती म्हणाली. “तुम्ही तर ताई म्हणायचात.”

“वाचणाऱ्यांना कळावं म्हणून...”

“म्हणजे वाचणाऱ्यांसाठी तिला पुन्हा कामवाली केलीत. कामवाली होतीच ती, त्यात लपवायचं काही नाही. पण मग काम म्हणा. सेवा काय? पगार घेत होती, वाढवून मागत होती, भांडत होती. आणि हसतमुख? तुमच्यावर किती चिडायची, मला विचारा.”

“पोरकं तू झालीस,” मी म्हणालो. “मी तुझा शब्द घेतला.”

तिने ‘घरातल्यासारख्या’वर बोट ठेवलं. “हा सगळ्यात जास्त लागला. सारख्या म्हणजे नव्हत्या. होत्या असं वाटत असेल तर तसं लिहा. पण लिहिण्याआधी बघा, घरातल्यांना जे मिळतं ते तिला मिळालं होतं का.”

मी बघितलं. ताई आमच्या ताटांत जेवल्या, आमच्या टेबलाशी बसल्या, किल्ली त्यांच्याकडे होती. पण माझ्या जुन्या मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख ‘घरकाम करणाऱ्या बाईंना दोन साड्या’ असा होता. ते मी तिला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, “रंग तरी लिहिला होतात का?”

कलम ३. ओळी.
त्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून लिहिलेला मजकूर खाली देत आहे. दर वर्षी त्यांच्या स्मृतिदिनी तो, लेकीची संमती विचारूनच, माझ्या जुन्या वर्तमानपत्रात द्यावा. कसा केला तेही सांगतो, म्हणजे कोणी मध्येच सुधारायला बसणार नाही.

फोटो तिने आणला. ताई दुचाकीवर बसल्या आहेत, हेल्मेट घातलेलं, पाय जमिनीला टेकलेले, कपाळाला आठ्या. कोणाचंही कोपर त्यात नाही. त्यांना स्वतःचा हाच फोटो आवडायचा. मी म्हणालो, चेहरा नीट दिसत नाही. ती म्हणाली, “आईला दुचाकी दिसायला हवी होती.” नावाची ओळ तिने स्वतः वर लिहिली, पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत. आजार, पत्ता, फोन नंबर वगळले. बहिणीला आधी वाचून दाखवलं आणि तिने एक वर्ष दुरुस्त केलं. ‘ती’ की ‘त्या’ यावर थोडं अडलं. लेक म्हणाली, “आईला ‘ती’ म्हणायचा हक्क माझा. छापताना ‘त्या’.” फोटोत दिसत नाही ते विशेषण नको, हा माझा जुना नियम. तो लावल्यावर कौतुकाचं एकही विशेषण उरलं नाही. मजकूर असा:

“वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी दुचाकी शिकल्या, त्या दिवशीचा फोटो. तेहतीस वर्षे घरकाम केलं आणि रविवारची सुटी कधी सोडली नाही. गल्लीतल्या इतर कामकरी बायकांनाही ती मिळवून दिली. दोन मुलांना वाढवलं. त्यांपैकी एक पोटची लेक. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायच्या. मागे लेक, बहीण, आणि चौथ्या मजल्यावरचा भाऊ.”

शेवटचे तीन शब्द मी लिहिलेले नाहीत. मी ‘बहीण’ या शब्दाशी थांबलो होतो. तिने पेन माझ्या हातातून घेतलं, ते लिहिलं, आणि शब्द मोजत असल्यासारखी खिडकीबाहेर बघत राहिली.

कलम ४. पाटी.
इमारतीच्या सचिवांनी लिफ्टपाशी ‘कामास येणाऱ्यांनी जिना वापरावा’ अशी पाटी लावली होती. ताईंचा गुडघा दुखत असताना त्या दोन वर्षं जिना चढल्या. मी तीन पत्रं लिहिली, फार नम्र. एके दिवशी ताईंनीच माझ्याकडे पेचकस मागितला, आणि मी पाटी काढली. सचिवांना वाटतं चोरी झाली. ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. ती, चारही स्क्रूंसह, त्यांना परत द्यावी. कोणी काढली तेही सांगावं.

कलम ५. हत्यारं.
भिंग, छापील अक्षरांचा टाइप मोजायची पट्टी आणि शब्दकोशाचे सहा खंड मुलाला. तो वापरणार नाही, पण टाकणारही नाही. पत्नीच्या कचेरीतला हेडफोन लेकीला. लहानपणी ती तो लावून आम्हाला ‘लाइन व्यस्त आहे’ म्हणायची.

कलम ६. घराबद्दल पुन्हा.
मुलाला मी फोनवर विचारलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, राग आला. मग म्हणाला, “बाबा, मला वाटलं होतं तुम्ही हे आधीच लिहून ठेवलंय.” आपलंच पोर आपल्या पुढे निघून गेलेलं असतं आणि आपण मागून हाका मारत असतो.

लेकीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “उपकार म्हणून देणार असाल तर नको. वाटा म्हणून दिलात तर घेईन.” म्हणून स्पष्ट लिहितो: हे बक्षीस नाही, मोबदला नाही, कृतज्ञता तर मुळीच नाही. वाटा आहे.

कलम ७. माझ्या नावाची ओळ.
मी गेल्यावर माझ्या फोटोखाली काय लिहायचं, ते लेक ठरवेल. मी विचारलेलं नाही, तिने सांगितलेलं नाही. तिला ‘चिडका’ लिहायचं असेल तर लिहू द्यावं. मुलाने फक्त शुद्धलेखन बघावं.

अंमलबजावणीचं काम दंतवैद्यबाईंकडे सोपवतो. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, हे त्यांनीच मला समजावलं. म्हणून लेक आज इथे असूनही सही करणार नाही. ती आतल्या खोलीत बसली आहे.

हे कलम संपवून सही करणार, तेवढ्यात ती दारात येऊन म्हणाली, “काका, चहा टाकू का?” मी म्हणालो, “तू बस.” उठून मी टाकला. साखर जास्त झाली, तिने तसाच प्यायला. मधल्या वेळात पेन उघडं राहून वाळलं, म्हणून इथून पुढची शाई निराळी दिसेल. मजकूर माझाच आहे आणि अक्षरही.

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल.
तारीख: सोळा, शनिवार, दुपारचे बारा. धुकं गेलं आहे.

सही: मृत्युपत्र करणार

आमच्या दोघांच्या समक्ष यांनी मजकूर वाचून सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही दोघांनी केली:
१. दंतवैद्य, पहिला मजला
२. निवृत्त ग्रंथपाल, तिसरा मजला. (माझा कप अजून यायचा आहे.)