निरवानिरव

मंगळवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. फोन असताना पत्र का, असं तुला वाटेल. आपल्या घरात फोन तुझ्या लेकीच्या हातात असतो आणि भिंती पातळ आहेत, म्हणून.

घरी सगळं ठीक आहे. तुझ्या लेकीची, आपल्या शंकासुराची, परीक्षा जवळ आली आहे. गणित बरं आहे, अक्षर तुझ्यासारखंच, म्हणजे कोंबडीचे पाय. समोरचा एक दात पडला, तो तिने काडेपेटीत ठेवला आहे. परीक्षेनंतर तुम्ही तिला तिकडे न्यायला याल तेव्हा दाखवणार आहे. माझं काम नेहमीचं. प्रयोगशाळेत सध्या दाबमापकांची रांग लागली आहे. दुसऱ्यांची मापं किती चुकतात ते सांगायचा पगार मिळतो, त्यामुळे घरी आल्यावर बोलायची फारशी इच्छा राहत नाही. हे तुला नवीन नाही.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी एक गोष्ट झाली. ती जशी झाली तशी लिहिते. मी स्वयंपाकघरात होते, मधलं दार उघडं होतं, त्यामुळे ऐकलेलं जवळजवळ शब्दाला शब्द आहे.

तिच्या पुस्तकात संध्याकाळवर एक कविता आहे. त्यातल्या दोन ओळी:

जाता जाता दिवस जरा थबकला दाराशी,
निरवानिरव करून गेला एकेका दिव्यापाशी.

ती पुस्तक घेऊन बाबांच्या खुर्चीच्या हातावर बसली. "आजोबा, निरवानिरव म्हणजे काय?"

"पुस्तकात मागे दिलं असेल की."

"दिलंय. आवराआवर."

"मग झालं तर."

"झालं कुठे? दिव्यापाशी काय आवरणार? दिवा काय पसारा करतो का?"

बाबा खूश झाले. आवाजावरूनच कळलं. त्यांची पद्धत तुला माहीत आहे, आपल्यालाही त्यांनी कधी सरळ अर्थ सांगितला नाही. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकेक भिंग धरून "आता स्पष्ट? की आधीचं स्पष्ट?" असं विचारायचे, तसंच शब्दांचं. अर्थ लावायचा, ओळीत बसवून वाचायचा, आणि ओळ धूसर वाटली तर काढून दुसरा लावायचा.

"बरं बाईसाहेब, त्या शब्दावर बोट ठेवा. झाकला? आता उरलेल्यावरून सांगा, तिथे काय बसेल?"

तिने विचार केला. "निरोप. निरोप घेऊन गेला एकेका दिव्यापाशी."

"आवराआवरीपेक्षा बरं आहे. पण अजून जरा धूसर. निरोप घेताना आपण काय करतो?"

"हात हलवतो. टाटा करतो."

"हात रिकामा असतो ना? निरवानिरव रिकाम्या हाताने होत नाही. दिवस जाताना दिव्यांना काय देत असेल?"

तिने ओळ पुन्हा एकदा पुटपुटून पाहिली. मग ती म्हणाली, "उजेड? म्हणजे उजेडाचं काम. आता तुम्ही बघा, असं?"

"शाब्बास! निरवणे म्हणजे सोपवणे. पण नुसतं हातात कोंबून पळायचं नाही. एकेकाला नीट सांगून, समजावून, त्याच्या स्वाधीन करायचं. हे तुझं, हे असं सांभाळ. एकालाच नाही, प्रत्येकाला त्याचं त्याचं. म्हणून कवितेत 'एकेका' आहे. आता वाचून बघ."

तिने वाचलं. या वेळी ओळ अडखळली नाही.

"दुकान बंद केलं तेव्हा मी केली की," बाबा म्हणाले. "गिऱ्हाइकांचे नंबर पलीकडच्या चष्मेवाल्याला दिले. कुणाच्या नाकाला कुठली दांडी रुतते तेसुद्धा सांगितलं. ती निरवानिरव. शटर ओढलं, झाडून घेतलं, ती आवराआवर."

"म्हणजे तीन गोष्टी लागतात," ती म्हणाली. तिला सगळ्याला बोटं मोजायची सवय आहे. "एक जाणारा. एक राहणारा. आणि एक सांभाळायची गोष्ट."

"अगदी बरोबर. उद्या बाईंनाच शिकवून ये."

"पण आजोबा, मी आईकडे होते तेव्हा ती भाजीला जाताना मला सांगायची, दुधाकडे बघ म्हणून. ती निरवानिरव?"

"नाही. ती परत यायची ना."

"दिवस पण उद्या परत येतो."

"उद्या येतो तो दुसरा. हा गेला तो गेला."

मी भांडी पुसत होते. हात का थांबला ते तेव्हा कळलं नाही. तिला मात्र कळलं होतं.

"आजोबा, तुम्ही आत्याला पाण्याचा मुख्य नळ कुठला ते दाखवलंत. आणि विजेच्या पेटीतली बटणं."

"हो."

"गुलाबाची कुंडी शेजारच्या काकूंना दिलीत. किती पाणी घालायचं तेपण सांगितलंत. आणि पूर्वी दुकानात कामाला होते ते काका आले होते त्यांना ते भिंग घासायचं चाक दिलंत. त्यांना म्हणालात, डावीकडे जरा ओढतं, सांभाळून."

बाबांची खुर्ची करकरली.

"ही निरवानिरव आहे का?"

दादा, यातली प्रत्येक गोष्ट मी पाहिली होती. नळ दाखवला तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी वाकणं होत नसेल. कुंडी दिली तेव्हा वाटलं, जागा मोकळी करताहेत. प्रत्येकाला वेगळं कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. एकाच दिशेने सरकणारी मापकाची वाचनं वेगवेगळी चूक म्हणून सोडून द्यायची नसतात, हे मी कामावर नव्या मुलींना शिकवते.

बाबांना "छे गं, वेडी कुठली" म्हणता आलं असतं. मी ते ऐकायला थांबले होते. पण चुकीचा अर्थ त्यांनी आयुष्यात कुणाला चालवून दिलेला नाही. दाराआडून मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, जिना चढल्यावर असतो तसा. जिना तर ते चढले नव्हते.

शेवटी ते म्हणाले, "शब्द बरोबर बसतो."

"कुठे चाललात?"

"लगेच नाही गं."

"माझ्याकडे काय दिलंत?"

"तुला काही नाही."

"आणि बाबांना?"

"तुझ्या बाबांना," ते म्हणाले, "तूच. परीक्षा झाली की त्याला म्हणणार आहे, तुझं माणूस तू घेऊन जा. मी जपलं तेवढं जपलं."

मी बाहेरच्या खोलीत गेले तेव्हा ती उभी होती आणि तिचा चेहरा लालभडक झाला होता. रडत नव्हती, भांडायच्या तयारीत होती. "मी काय चाक आहे? डावीकडे ओढते म्हणून सांगणार का बाबांना?" बाबांना हसू आलं आणि ते अर्ध्यातच खोकल्यात गेलं.

मग ती म्हणाली, "राहणारा लागतो ना? घेणाराच नसला तर होत नाही. मी नाही म्हणते. आत्या, तूपण नाही म्हण." आणि चपला न घालता शेजारी गेली आणि काकूंकडून कुंडी परत घेऊन आली. काकू मागोमाग दारात. "अहो, काय झालं? मी पाणी जास्त घातलं का?" कुंडी बाबांच्या पायाशी ठेवून ही म्हणाली, "काकू, तुमचं काही चुकलं नाही. आजोबांनी घाई केली."

ती झोपल्याशिवाय बाबा काही बोलणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण तिथेच, तिच्यासमोर, त्यांनी सांगितलं.

आता वरची एक ओळ दुरुस्त करते. घरी सगळं ठीक आहे असं मी लिहिलं, ते खरं नाही. कागद बदलला असता, पण मग तुला कळलं नसतं की मला हे लिहायला किती जड गेलं.

त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. रक्त शरीरात जायचं दारच ते. तेवढंच रक्त बाहेर ढकलायला हृदयाला खूप जास्त दाब लावावा लागतो. मला हे पटकन समजलं, रोजचंच काम आहे. म्हणून दम लागतो, म्हणून मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं आहे, झडप बदलायला हवी, या वयातही होतं, थांबण्यात जास्त धोका आहे. बाबा एकटेच गेले होते. "बघतो" म्हणून आले आणि माणसांना वस्तू वाटायला लागले.

"डॉक्टरांना हो का नाही म्हणालात?" मी विचारलं.

"ऑपरेशननंतर महिनाभर कुणीतरी जवळ लागतं म्हणाले. तू कामावर. ही शाळेत. आणि त्याला मी काय तोंडाने बोलवू? दुकान घेत नाही म्हणाला तेव्हा मी जे बोललो ते तो विसरलेला नाही."

"ते तुम्ही विसरलेले नाहीत," मी म्हणाले. एवढं मी त्यांना कधी बोलत नाही.

गेली दोन वर्षं, म्हणजे ती इथे शाळेसाठी राहिल्यापासून, तू आणि बाबा या मुलीच्या तोंडून बोलता. "आजोबांना विचार, जेवले का." "त्याला सांग, जेवलो." तिला वाटतं सगळ्यांच्या घरी असंच असतं. मलाही हे सोयीचं होतं, कारण मला मध्ये पडावं लागत नव्हतं.

येत्या सोमवारी, १५ तारखेला सकाळी सर्जनकडे जायचं ठरलं आहे. बाबांनी फक्त ऐकून घ्यायचं कबूल केलं आहे, होकार दिलेला नाही. तो मी मिळवू शकत नाही, तुझी लेकही नाही. आम्ही दोघी राहणारच आहोत, हे त्यांना माहीत आहे. येणारा कुणी आहे का, हे त्यांना माहीत नाही.

तेव्हा सोमवारच्या आत फोन कर. लेकीने उचलला तर तिला म्हण, आजोबांकडे दे, आणि मग तूच बोल. दुकानाबद्दल काही बोलू नकोस, माफीही मागू नकोस, मागवूही नकोस. एवढंच सांग की त्या महिन्यात तू इथे असशील. नसणार असशील तर तसंही सांग, पण त्यांनाच सांग.

हे सगळं मी नीट क्रमाने लिहिलं आहे, आणि नीट लिहिलं की माणूस खंबीर वाटतो. तसा समज करून घेऊ नकोस. मला फार भीती वाटते, दादा. ये.

तुझी
धाकटी