एकेचाळीस नंबरची अंगाई

२ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला का? सूनबाईची पाठ? नातीचे पुढचे दात आले का? मी ठणठणीत आहे, फक्त झोप उडालीय.

शनिवारी वाचनालयात आपल्या भागातल्या लोकगीतांचा ध्वनिसंग्रह सुरू होतोय. भाषण ग्रंथपाल म्हणून माझ्याच गळ्यात पडलंय, आणि ते सगळं तुझ्या अंगाईवर बेतलंय, नंबर एकेचाळीस. पण तुझा संमतीचा कागद कोराच आहे. त्यावर तीन चौकटी आहेत: कुणीही ऐकावं, वाचनालयात बसूनच ऐकावं, किंवा कुलूपबंद. एकीवर खूण कर आणि सही कर. सहीशिवाय मी एक ओळही वाजवणार नाही, बहीण असलीस तरी.

मधेच तू मला 'खुर्ची वाजवू नकोस गं' म्हणून दटावलंयस, ते ऐकवायच्या प्रतीतून काढते. मूळ ध्वनिमुद्रणाला मात्र कात्री लागत नाही.

तुझी,
धाकटी

५ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

सही करणार नाही. तिसरं कडवं मला आठवेना, म्हणून यांच्या घोरण्यावर तिथल्या तिथे जुळवलं. आईच्या अंगाईत मी भेसळ केली, आणि तू ती जगाला जुनी म्हणून ऐकवणार? हे तर म्हणतात, गाव मला घोरण्यावरून ओळखेल. भाषण दुसऱ्या गाण्यावर कर. जेवत जा वेळेवर.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न.

ऐक आता. मी भाषणात खरं तेच सांगितलं: एकेचाळीस नंबर आज वाजणार नाही, गाणारीची परवानगी नाही, आणि गाणं तिचं आहे. चाल कोणती ते कळावं, म्हणून पहिली ओळ फक्त गुणगुणले. तेवढ्यात शेवटच्या रांगेतल्या शिवणवाल्या काकू उठल्या आणि गायला लागल्या. दोन कडवी तुझीच. तिसऱ्यात बाळ झोपलं, पण दिराच्या शिंकेनं जागं झालं.

मग परिचारिका उठली. तिच्या तिसऱ्या कडव्यात सासऱ्यांची काठी. मग टपालवाल्याची आई. माझ्या भाषणाची उरलेली चार पानं कुणी ऐकलीच नाहीत. अकरा तिसरी कडवी झाली, ताई, आणि घोरणं एकातही नव्हतं. हसून हसून माझा चष्मा खाली पडला.

काकू म्हणाल्या, तिसरं कडवं शिकवतच नाहीत, ज्याचं त्यानं घरातलं घालायचं. म्हणजे आपल्या आईचंही तिचं स्वतःचंच होतं. तू भेसळ केली नाहीस, गाणं पुरं केलंस. नोंदीत आता लिहिते: पहिली दोन आईकडून, तिसरं गाणारीचं स्वतःचं.

अकराही जणींनी ध्वनिमुद्रणाला होकार दिलाय. तुझी जागा रिकामी ठेवलीय. कागद पुन्हा जोडलाय.

तुझी,
धाकटी

१३ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

पहिल्या चौकटीवर खूण केली, सही केली. दटावणंही काढू नकोस, खुर्ची तू वाजवलीच होतीस. अकरा जणींत एकीच्याही घरचा घोरत नाही हे ऐकल्यापासून हे छाती काढून फिरताहेत. आपलं घोरणं नमुन्यादाखल पाठवू का, असं विचारताहेत. त्यांना कोणती चौकट लागेल ते लवकर कळव, तोवर मला झोप नाही.

तुझी ताई