पासवर्ड सगळ्यांना दिला

रविवार, पापडी

आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. त्यामुळे आईच्या साठीला आलेल्या प्रत्येकाने मला बाजूला घेऊन वायफायचा पासवर्ड विचारला. मावशी कुजबुजली, "फक्त मला दे हां." पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क का नाही काढलं मी? सगळ्यांचे फोन जोडले गेले आणि आपोआप फोटो नेटवर चढवू लागले. तेवढ्यात आईच्या फोनवर जहाजावरून दादाचा व्हिडिओ कॉल आला आणि त्याचा चेहरा गोठला, तोंड अर्धं उघडं. संतापून मी राउटरचा पासवर्डच बदलला. सगळे तुटले, आईचा फोनही. तिच्या फोनवर नवा टाकेपर्यंत जहाजावरच्या नेटवर बोलायची दादाची पाळी संपली होती. आता पुढची पंधरा दिवसांनी. ते अर्धं उघडं तोंड डोळ्यांसमोरून जात नाही.

"नवा काय ठेवलास रे?" मावशीने विचारलं. आईनेच तिला सांगितला.