पहिली नव्हे, धाकटी

सोमवार, ३

फोटो आला! भाऊजींनी काढलेला. ताईची मुलगी चार दिवसांची, आणि ती माझ्या हातात. मी असा बसलोय की जणू कुणी काचेचं सामान सोपवून पळून गेलंय. दोन्ही कोपरं हवेत. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यातच राहिलंय, त्याची फीत तिच्या दुपट्यावर लोळतेय. ती मात्र निवांत. एक मूठ माझ्या शर्टाच्या बटणाशी.

ताईचा निरोप : "ग्रुपवर टाकायचाय. ओळ तू लिही, तुझं कामच आहे ते."

काम आहे खरं. वर्तमानपत्रात अकरा वर्षं फोटोओळी लिहितोय. पूल, पूर, सत्कार, आग. दिवसाला चाळीस.

आज संध्याकाळी दोन तास बसलो. एक ओळ नाही!

मंगळवार, ४

ऑफिसात फोटो स्क्रीनवर उघडून बसलो. आधी कातरला. डावीकडचं खाटेचं लोखंड काढलं, फीत काढायला गेलो तर तिचा पाय जायला लागला. राहू दे फीत.

मग कच्च्या ओळी :

'मामा आणि भाची.' — हे दिसतंच आहे. जे दिसतं ते लिहायचं नाही.
'आनंदाचा क्षण.' — शी! हे मी दुसऱ्याचं लिहिलेलं खोडतो.
'डावीकडून : मामा. उजवीकडून : मालकीण.' — बरी आहे. पण विनोद माझ्यावर, मग ती कुठाय?

आमचे जुने उपसंपादक, ज्यांना सगळे स्वल्पविराम म्हणतात, मागे येऊन उभे. "कोण रे?"

"भाची."

चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. "हात अवघडलेत तुझे. पण सोडत नाहीयेस. छान आहे." मग जाताजाता, "आणि विशेषणं नकोत. 'पहिला', 'सर्वांत मोठा', 'एकमेव' हे तर तपासल्याशिवाय नकोतच. तिन्ही शब्द खोटारडे."

हे गेली अकरा वर्षं ऐकतोय. हो हो म्हटलं.

बुधवार, ५

धाडली! जेवणाच्या सुट्टीत, एका दमात :

'पहिली भाची, पहिला फोटो. घाबरलाय तो मामा.'

स्वतःवरच खूश. ताईनं लगेच वाचली, निळ्या खुणा आल्या.

उत्तर नाही.

तीन वाजता पाहिलं. चारला. साडेचारला. सत्काराच्या फोटोत दोन पाहुण्यांची नावं उलटी लावली, स्वल्पविरामांनी पकडलं. बाळ रडत असेल. ताई झोपली असेल.

गुरुवार, ६

ग्रुपवर फोटो नाही. फोन केला, उचलला नाही. आईला विचारलं तर, "बाळंतीण आहे, तिला कशाला छळतोस?"

दुपारी भाऊजींचा फोन. जिन्यात उभे असावेत, आवाज घुमत होता.

"रागावली नाहीये ती. फक्त... पहिली नाही ना रे ही."

एवढंच. मी म्हटलं, "हो." फोन ठेवला.

पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. पेला हातात, पाणी प्यायचंच विसरलो.

शुक्रवार, ७

लिहायलाच हवं. इथं तरी.

दोन वर्षांपूर्वी ताईला आठव्या महिन्यात अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी होती. जन्मली तेव्हा श्वास नव्हता. ताईला पूर्ण भूल दिलेली. भाऊजी खाली रक्ताच्या पिशवीसाठी धावत होते, आई बाकावर कोसळलेली. नर्स बाहेर आली, म्हणाली, "कुणी घेणार का तिला थोडा वेळ?" मी सोडून कुणी उभंच नव्हतं.

वीस मिनिटं. खिडकीपाशी. अजून कोमट होती.

ताई शुद्धीवर यायच्या आत आईनं ठरवून टाकलं : तिला दाखवायची नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू काही बोलू नकोस. विसरू दे तिला." मी नाही बोललो. घरात विषय निघाला नाही, आणि न बोलता बोलता ती मोजण्यातूनच गेली.

दुसरं कुणी विसरलं असतं तर एक वेळ ठीक. मी 'पहिली' लिहिलं. मी!

शनिवार, ८

सकाळी ताईकडे. आई स्वयंपाकघरात होती, भाऊजी कपडे वाळत घालत होते. ताई बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. मी दारातच सुरुवात केली, "ताई, ते चुकलं—"

"तुझी चूक नाही. सगळे पहिलीच म्हणतात. डॉक्टरीणबाईसुद्धा." फेरी. "तुला काय आठवणार? तू तर तिला पाहिलंही नाहीस. कुणीच पाहिलं नाही. मला सारखं तेच येतं डोक्यात — तिला कुणी हातातसुद्धा घेतलं नाही रे."

आईचं भांडं आपटल्याचा आवाज आला, म्हणजे ऐकत होती.

"मी घेतलं होतं."

ताई थांबली.

"वीस मिनिटं. खिडकीपाशी. पिवळ्या दुपट्यात होती."

बाळ माझ्या हातात दिलं, अक्षरशः कोंबलं, आणि खाली बसली. रडली नाही. श्वास मोजल्यासारखे घेत होती. मग, "दोन वर्षं! दोन वर्षं बोलला नाहीस!"

आई दारात आली. "मीच सांगितलं होतं त्याला. तुझ्या भल्यासाठी—"

"माझ्या भल्याचं मला विचारायचं होतं, आई."

आई पदराला हात पुसत उभी राहिली. हात कोरडे होते तरी पुसत राहिली.

मी बाळाला धरून दोघींच्या मध्ये. कुणी घेईना. शेवटी तिनंच भोकाड पसरलं, तेव्हा सगळे हलले.

रविवार, ९

बस, घर, खिडकी, कॉट. कुठंच बूड टेकेना. 'पहिली' खोडलं. 'दुसरी' लिहिलं — हजेरीपटासारखं वाटलं. 'पहिलीच्या आठवणीसह' — हा तर निधनवार्तेचा साचा! या लहानगीच्या फोटोत ओझं तिच्यावर कशाला? ती चांगली गरगरीत जिवंत आहे. तिची ओळ तिचीच हवी. आणि खोटी नको.

शेवटी दुपारी सापडली. तीन शब्द. ताईला पाठवली :

'मामाकडे धाकटी भाची.'

धाकटी म्हटलं की थोरली आलीच. वेगळं सांगावं लागत नाही.

अर्ध्या तासानं उत्तर : "हीच."

सोमवार, १०

टाकला ताईनं. फीत, कोपरं, सगळ्यासकट. आईचा फोन, "अगं बाई, लोक विचारतील ना!"

विचारलंच. मावशी : "धाकटी? मग थोरली कोण?" मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, परत घेतलं.

त्याआधीच ताईचं आलं : "होती, मावशी. दोन वर्षांपूर्वी. सांगेन कधीतरी."

मग आईचं. कधी काही लिहीत नाही ती, फक्त फुलं पाठवते. लिहिलं होतं : "दोघी नाती."

बुधवार, १२

ताईनं बोलावलं. कपाटातून एक बंद पाकीट काढलं. दवाखान्यातून निघताना नर्सनं दिलेलं. आत फोटो आहे एवढं तिला ठाऊक होतं, उघडायचा धीर झाला नव्हता. म्हणाली, "तू उघड."

उघडलं. खिडकीपाशी मी. पिवळं दुपटं. नर्सनं कधी काढला, मला कळलंही नव्हतं.

ताईनं अजून नजर वळवली नव्हती. भिंतीकडे बघत विचारलं, "आधी सांग, केस होते तिला?"

होते. खूप होते.