पन्नास कार्डं मौनाची

३ जानेवारी, सकाळी ७
संकल्प : मौन आणि श्रवण यांवर पन्नास वचनं. एका कार्डावर एक. त्रैमासिकाचे संपादक परवा जिन्यात म्हणाले, पाठवा, बघू. म्हणजे छापणारच. एकतीस वर्षं ऑफिसच्या तक्रार खिडकीवर बसून लोकांची रडगाणी ऐकली. श्रवणावर माझ्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा? शाळेच्या फळ्यावर सुविचार खरडणाऱ्या मास्तरांचा?

५ जानेवारी
नियम ठरवले. विशेषणं आधी मारायची. दाखला नको, उपदेश नको. 'मी' नको, 'तुम्ही' नको. वचन माणसाबद्दल असतं, घरातल्या माणसांबद्दल नाही. घाव घालणारा शब्द शेवटी. मग कसोटी : वचन उलटं करून बघायचं. उलटंही तितकंच खरं वाटलं, तर फुसकं.
पहिलं लिहिलं : 'कमी बोलतो तो जास्त ऐकतो.' उलटं केलं : 'जास्त ऐकतो तो कमी बोलतो.' तेही खरं. फाडलं. एवढं निर्दय होणं आजच्या लेखकांना जमायचं नाही.

८ जानेवारी
मूळ वाक्य : 'समोरचा माणूस सारखी मान हलवत असेल, तर बरेचदा त्याचं आपल्या बोलण्याकडे लक्ष नसतं.' कीर्तन नुसतं. 'सारखी' गेलं, 'बरेचदा' गेलं (भित्र्यांचा शब्द), 'समोरचा माणूस' गेला. दोन तासांनी उरलं : 'हलणाऱ्या मानेला कान नसतात.' उलटं करून पाहिलं : 'कान नसलेली मान हलते.' अर्थ नाही. पास!
हे चालू असताना बायको फॉर्म घेऊन आली. हॉस्पिटलात रक्त तपासते ती. दुसऱ्या गावच्या लॅबची हेड केलंय म्हणे, तीन वर्षं. तुम्ही येणार का, क्वार्टर दोघांचं मागू की एका माणसाची खोली, बारा तारखेच्या आत कळवायचंय, असं बरंच काही. मी मान हलवली.

१० जानेवारी
सत्तावीस झाली. बायकोने जेवताना परत तेच विचारलं. बायकांना एक गोष्ट एकदा सांगून समाधान होत नाही. त्यावरूनच सुचलं : 'पुनरुक्ती ही दुर्लक्षाची पावती.' ताट तसंच ठेवून लिहायला उठलो. वचनात दोष कुणाचा, हे संदिग्ध ठेवलंय. मुद्दाम.

१२ जानेवारी, दुपारी
एकोणपन्नास. एकच उरलं आणि ही दारात उभी. येणार की नाही, एवढंच सांगा, म्हणाली. मी ओठावर बोट ठेवलं. विषयच मौनाचा, तिलाही कळायला हवं. तिने माझ्या टेबलावरचं पेन उचललं. मग फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि गेली.

१३ जानेवारी
सकाळी मोजली तर पन्नास! पन्नासावं कधी लिहिलं, आठवत नाही. प्रतिभा अशीच असते, मालकालाही विचारत नाही. पुन्हा वाचली नाहीत. वाचलं की हात शिवशिवतात. पाकीट पोस्टात टाकलं.

१६ जानेवारी
बायको गेली. बॅगा दोन, मोठ्या. तीन वर्षं म्हणते, पण चार दिवसांत कंटाळून परत येईल; एवढं सामान कशाला? घर अगदी शांत. अभ्यासाला आदर्श.

२४ जानेवारी
शांतता जरा जास्तच होतेय. दुधाची पिशवी कुठून आणतात?

२ फेब्रुवारी
संपादकांचं पत्र. एकोणपन्नास कार्डं साभार परत. म्हणतात, यात चतुराई आहे, कान नाही. गाढवाला गुळाची चव काय? मात्र एक कार्ड ठेवून घेतलंय. त्याची झेरॉक्स जोडली आहे. गेल्या दहा वर्षांत असं वाचलं नाही, म्हणतात. बाकीच्या कार्डांपेक्षा हस्ताक्षर वेगळं दिसतं, खुलासा करावा.
झेरॉक्स पाहिली. 'तुम्ही बोलला नाहीत. मी ऐकलं.'
अक्षर हिचं.

३ फेब्रुवारी
नियमाने ते बाद आहे. 'मी' आहे, 'तुम्ही' आहे. छाटायला बसलो, एकही शब्द निघेना. उलटं केलं : 'मी बोलले. तुम्ही ऐकलं नाहीत.' तेही खरं. तेच जास्त खरं. म्हणजे फुसकं ठरतं. फाडता आलं नाही.
खुलासा लिहायला घेतला. कार्ड माझं, पेन माझं, टेबल माझं. खाली माझं नाव लिहिलं. मग खोडून तिचं लिहिलं. वाईट वाटलं. छापून यायचं राहिलं म्हणून नव्हे.

संध्याकाळी
तिला फोन लावला. क्वार्टरचं विचारलं. एका माणसाची खोली घेतली, म्हणाली. मी म्हटलं, तरी येऊ का? मागे पंखा कुरकुरत होता. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं.
ती बोलली नाही. मी ऐकलं.