कॅनडाला गेलेला धबधबा

निलंगा, ३ फेब्रुवारी १९८६
माझी बहीण महादेवी कॅनडात असते. तिच्या पोरानं, मल्लिकार्जुननं, पत्र पाठवलंय. वय दहा. सोबत बर्फ उपसतानाचं चित्र. सुमार. पाकिटावर नाव मात्र माझ्या लेकीचं, सिंधूचं. घरात ड्रॉइंग मास्तर कोण? मी.

६ फेब्रुवारी
सिंधूनं उत्तरात पाण्याच्या टँकरपुढची, घागरी घेतलेल्या माणसांची रांग काढली. मी म्हणालो, परदेशात दुष्काळ दाखवतात का? आपला लातूर जिल्हा नवा, काही इज्जत हाय का न्हाई? ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही दिवसभर काय करता, असं त्यानंच विचारलंय."

९ फेब्रुवारी
मी धबधबा काढला. देवदार, हंस, सगळं. सिंधूचं पाकीट एअरमेलनं गेलं. मी चित्राची घडी एरोग्राममध्ये, म्हणजे घडीच्या हवाईपत्रात, ठेवून कडा चिकटवल्या. पोस्टमास्तर किशनराव म्हणाले, "यात कागद घालता येत न्हाई. सापडला तर जहाजानं जाईल." आत काहीच नाही, असं सांगितलं.

८ मार्च
मल्लूचं पत्र. पुन्हा सिंधूला! पोचा आलेली घागर कुणाची, विचारतोय. माझ्या धबधब्याबद्दल अक्षर नाही. फ्रेम करत बसले असतील.

५ एप्रिल, सकाळी
तिकडून पार्सल. हिरव्या कस्टम लेबलवर: मेणाचे खडू, भेट. अठ्ठेचाळीस रंग. मला काही नाही.

त्याच दिवशी, दुपारी
सिंधू पाण्याला गेल्यावर मोरपंखी खडू तपासला. मोडला. मांजरानं मोडला असं सांगितलं. आमच्याकडे मांजर नाही.

१९ एप्रिल
सिंधूची कापडी बाहुली मल्लूकडे निघाली. बायकोनं पार्सल मांजरपाटात शिवलं, शिवणीवर लाखेचे ठिपके दिले. लेबल मी भरलं: कलाकृती. किशनरावांनी खोडून बाहुली लिहायला लावलं. आत काय ते साफ लिहा म्हणे.

२ जून
आज पत्र मला! कुलूप काढायच्या आधी दारातच फोडलं.
'मामा, तुमचं चित्र जहाजानं आलं, तीन महिन्यांनी. आई विचारते, हे कुठलं गाव? सिंधूची रांग स्वयंपाकघरात लावलीय. त्यात आईला शेजारच्या मल्लम्माकाकी ओळखू आल्या. ती रडली. रोज त्यात दादाला, म्हणजे तुम्हाला, शोधते. चार वर्षं तुमचं पत्र नाही. तुम्ही बरे आहात ना?'
जेवलो नाही. उकाडा फार.

३ जून
सकाळी सहापासून घागर घेऊन रांगेत. चौदावा नंबर. मल्लम्मावहिनींनी विचारलं, मास्तर, आज तुम्ही? म्हणालो, शाळेला सुट्टी. सिंधू समोरच्या ओट्यावर कागद घेऊन बसली होती. मी जरा ताठ उभा राहिलो. ती ओरडली, "अप्पा, नेहमीसारखं वाका, न्हाई तर आत्याला वळखू येणार न्हाई."
वाकलो.