दिगूचे अकरा हातोडे आणि माझे पाच-पाच

१९ नोव्हेंबर
गटाच्या प्रकल्पाचे गुण लागले. चाळीसपैकी सव्वीस. साठीला टेकलेल्या वार्ताहराला नोटीस बोर्डासमोर टाचा उंचावून बघताना कोणी पाहिलं नसावं.
मॅडमचा शेरा: ‘माहिती भरपूर. वर्णनं पुस्तकी. कारागिराचा आवाज हरवला.’
पुस्तकी. मला. बरं.
उत्तीर्ण व्हायला वीस लागतात, म्हणून निश्चिंत होतो. तर मॅडम म्हणाल्या, हे गटाचे. प्रत्येकाचे वेगळे निघतील, ते तुम्हीच ठरवायचे. हातात एकेक कागद दिला: ‘सहकाऱ्यांचं मूल्यमापन’.
आमचा गट तिघांचा. मी, दिगू आणि शबाना (वाचनालयात नोकरी, वय अठ्ठावीस, आम्हा दोघांना काका म्हणते आणि दोघांना धाकात ठेवते). विषय तांबट आळीतली हत्यारं आणि ती चालवणारी माणसं.
दिगू शाळेपासूनचा. दहावीनंतर ओझरच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला, तिथेच पत्रा ठोकत निवृत्त झाला. गंगापूर रोडवरची स्थानिक इतिहासाची ही सायंकाळची पदविका म्हणजे त्याच्या आयुष्यातलं पहिलं कॉलेज. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, खिशाला दोन पेनं.

२० नोव्हें.
कागद नीट वाचला. चार रकाने: हजेरी, ठरलेलं काम वेळेत, कामाचा दर्जा, इतरांना मदत. प्रत्येकी पाचपैकी. स्वतःला गुण द्यायचे नाहीत (मॅडम मनुष्यस्वभाव ओळखून आहेत). प्रत्येक गुणाखाली एक वाक्य, तारखेसह. ‘चांगला आहे’, ‘मेहनती आहे’ चालणार नाही. काय केलं किंवा केलं नाही ते लिहा. सगळ्यांना सारखे दिलेत तर कारण द्या.
मग हिशेब: एकेकाला मिळालेली सरासरी भागिले गटाची सरासरी, गुणिले सव्वीस.
आकडे एकमेकांना दाखवायचे नाहीत. वाक्यं मात्र आधी तोंडावर बोला, असा सल्ला. ‘जे समोर सांगता येत नाही ते कागदावर लिहू नका.’ मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. असो.

२१ नोव्हें.
शबानाच्या वाचनालयात. तिने सामायिक फाइलचा इतिहास उघडून दाखवला. कोणी कधी काय टंकलं, सगळं तारीखवार. माझं नाव पानोपानी. तिचं त्याखालोखाल. दिगूचं ८ ऑक्टोबरपर्यंत, आणि मग नाहीच. त्याच्या वाट्याच्या, हत्यारांच्या उरलेल्या चाळीस नोंदी मीच केल्या होत्या.
‘काका, मी दिगूकाकांना वेळेत कामाला एक देणार. दर्जाला दोन.’
‘जरा कठोर होतंय.’
‘मग सप्टेंबरमध्ये तुम्ही काय दिलं होतं?’
मी चष्मा पुसायला घेतला.
‘पाच, पाच, पाच, पाच,’ ती म्हणाली. ‘मला माहितीये. तुम्ही माझ्याच टेबलावर भरला होतात.’

२२ नोव्हें.
खरं आहे. अर्ध्या वाटेवर असाच एक कागद भरून घेतला होता. त्याचे गुण धरायचे नव्हते. कोणाची गाडी अडली असेल तर वेळेत कळावं, एवढ्यासाठीच. मी दिगूच्या चारही रकान्यांत पाच ठोकून खाली लिहिलं, ‘उत्तम’. तेव्हाही तो नोंदी उशिरा देत होता. मला वाटलं, मित्राला काय बोलायचं.
आता एकदम दोन दिले तर तो विचारणार, सप्टेंबरात उत्तम होतो, मग झालं काय? आणि त्याचा प्रश्न बरोबर असेल.
सवय जुनी. आठवीत संस्कृतच्या तासाला तो माझ्या शेजारी. माझ्या घरी पहाटे वडिलांसमोर मांडी घालून शब्दरूपं म्हणायची शिस्त. त्याच्या घरी पहाटे म्हशी. उत्तरं मी लिहायचो, तो नक्कल करायचा. बदल्यात माझी सायकल तो धुवायचा, ब्रेक लावायचा, पंक्चर काढायचा. त्याने आयुष्यात एक रूप पाठ केलं नाही, मी आयुष्यात एक पाना हातात धरला नाही. दोघांनाही वाटायचं, सौदा आपल्या फायद्याचा झाला.
मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीला टेकून उन्हात बसायचो. त्याच्या डब्यातली लसणाची चटणी अजून जिभेवर आहे.

२४ नोव्हें.
आकडेमोड केली. दिगूची सरासरी अडीच आणि आम्हा दोघांची साडेचार धरली, तर त्याला चाळीसपैकी सतरा. नापास. प्रकल्पात नापास म्हणजे पदविका नाही. प्रशिक्षणाच्या जुन्या प्रमाणपत्राशेजारी दुसऱ्या फ्रेमसाठी त्याने भिंतीत खिळा ठोकून ठेवलाय. मी पाहिलाय.
सगळ्यांना पाच-पाच देऊन टाकावेत? मग शबानाने रविवारमागून रविवार घालवून मुलाखती उतरवल्या, त्याची किंमत काय?
वार्ताहर म्हणून तीस वर्षं दुसऱ्यांबद्दल खरं लिहिलं. त्यातल्या कोणी माझ्या सायकलला ब्रेक लावलेले नव्हते.

२५ नोव्हें.
ओझरला गेलो. थंडी चांगलीच. दिगू ओट्यावर उन्हात.
‘या पंडित. कागद घेऊन आला का?’
म्हणालो, वाक्यं आधी तोंडावर बोलायची आहेत. बोललो. ८ ऑक्टोबरनंतर नोंदी नाहीत, बैठकांना नाही, कळवलंही नाही.
तो सुपारी कातरायला लागला.
‘मी बारा नोंदी दिल्या होत्या ना?’
‘दिल्या होत्यास.’
‘त्या कुठंयत?’
‘फाइलमध्ये.’
‘माझ्या नायेत त्या. मी लिव्हलं होतं, हा हातोडा भांड्याचं पोट गोल करतो, उलटा धरला तर भांडं रडतं. म्हातारा तांबट तसाच बोलला होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, सदर हातोड्याचा उपयोग पात्राच्या उदरभागास… काय ते?’
‘वर्तुळाकृती प्राप्त करून देण्यासाठी.’
‘हां. ते. पोराकडनं वाचून घेतलं मी. पोरगं हसलं. मग म्हटलं, पंडितला करायचंच हे, तर करू दे.’
‘मला बोलायचंस.’
‘तू इचारायचंस.’
वहिनींनी चहा आणला. दोघेही बशीत बघत प्यायलो.

२६ नोव्हें.
फाइलचा इतिहास उघडला, या वेळी माझा. ८ ऑक्टोबर, एका दमात दिगूच्या बाराच्या बारा नोंदी बदलल्या. बाजूला टीप लिहायची सोय होती, लिहिली नाही. फोनही केला नाही. मला आठवतं, त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होतो.
दिगूच्या मूळ नोंदी मागच्या आवृत्तीत जशाच्या तशा सापडल्या. वाचल्या. तांबट आळीत शिरल्यावर आधी ठोक्यांचा आवाज येतो आणि मग माणसं दिसतात, तसं काहीतरी झालं. बारापैकी अकरा नोंदी हातोड्यांच्या, प्रत्येकाचा ठोका वेगळा. दिगू डोळे मिटून सांगायचा, आत घागर चाललीय की पातेलं. त्याच्या कानाशिवाय ते म्हातारे आमच्याशी बोललेच नसते. पहिल्या दिवशी मी ‘आपण या व्यवसायात कधीपासून’ असं विचारल्यावर त्यांनी मला फक्त पाणी दिलं होतं.
‘कारागिराचा आवाज हरवला.’ हरवला नव्हता. मी बुजवला होता. सव्वीसमध्ये माझे किती गेले, देव जाणे.
पण म्हणून उरलेल्या चाळीस नोंदी त्याने केल्या, असं होत नाही. हेही तितकंच खरं.

२८ नोव्हें.
तिघे वाचनालयात बसलो. आकडे झाकून फक्त वाक्यं वाचायची, असं शबानाने ठरवलं. ती मधे बसली, पंचासारखी.
माझं दिगूबद्दल: ‘सर्व मुलाखती त्याच्या ओळखीने व त्याच्या प्रश्नांमुळे झाल्या, हत्यारांची नावं व उपयोग त्याने तपासून दिले. ८ ऑक्टोबरनंतर वाट्याच्या चाळीस नोंदी दिल्या नाहीत व कळवलं नाही. पुढच्या चारही बैठकांना गैरहजर.’
‘चार नाय. तीन,’ दिगू.
‘माझ्याकडे चार आहेत.’
‘तीस ऑक्टोबरला आलो होतो मी. तूच नव्हता. तुझी कुठंतरी पत्रकार परिषद होती.’
शबानाने मोबाइल चाळला. त्या दिवशी त्याने काढून आणलेले हातोड्यांचे फोटो तारखेसकट निघाले. हजेरी मीच, दुसऱ्या दिवशी, अंदाजाने भरली होती.
खोडलं. तीन केले. वाक्य बदललं, मग गुणही बदलला. मायेने नव्हे, पुराव्याने. बरं वाटलं, पण थोडं लाजूनच.
शबाना म्हणाली, मी फाइलमध्ये कोणी टंकलं तेवढंच बघत होते; मुलाखतीत कोण बोललं ते नाही. तिने दर्जाचं वाक्य पुन्हा लिहिलं. वेळेत कामाचं तसंच ठेवलं. ‘सॉरी दिगूकाका, पण ते नाही झालं.’
‘नाय झालं,’ दिगू म्हणाला.
मग त्याचं माझ्याबद्दल. चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं. ‘एक सोडून सगळ्या बैठकांना हजर. काम वेळेच्या आधी. ८ ऑक्टोबरला माझ्या बारा नोंदी न विचारता बदलल्या. मदत म्हणून केलं असेल, पण मला मदत झाली नाही.’
शेवटचं वाक्य वाचताना त्याने वर बघितलं नाही.
शाळेत माझी उत्तरं नकलून काढणाऱ्या माणसाने माझ्याबद्दल लिहिलेलं हे पहिलं स्वतःचं वाक्य. त्यात एक शब्द इकडचा तिकडे करावासा वाटला नाही.

२९ नोव्हें.
तिन्ही कागद बंद पाकिटांतून मॅडमकडे दिले. वेळेत कामाला मी त्याला दोनच दिले. लिहिताना पेन थांबलं होतं. दर्जाला पाच, आणि त्या पाचाखाली या वेळी तीन ओळी आहेत, ‘उत्तम’ नाही.
मॅडमना विचारलं, अभिलेखात ठेवायच्या प्रतीत दिगूच्या मूळ बारा नोंदी परत घालता येतील का. म्हणाल्या, घाला, गुण बदलणार नाहीत. म्हटलं, माहीत आहे.
माझ्या हिशेबाने त्याला बावीसच्या आसपास पडावेत. पण बाकीच्यांनी काय आकडे टाकलेत ते मला कुठे ठाऊक?

३ डिसेंबर
सोमवारी वैयक्तिक गुण लागणार. दिगूला फोन केला. म्हटलं, दहाला बरोबर जाऊ, ओझरहून येताना मला घे.
‘नको. तू दहाला जा. मी अकराला येतो. माझं मला आधी एकट्याला बघू दे.’
‘मग चहा?’
मागे कुकरची शिट्टी.
‘तुझं काय म्हणणंय,’ तो म्हणाला, ‘वीसच्या खाली आलो तरी चहा?’
म्हटलं, मी अकरापर्यंत कॉलेजच्या फाटकाशी थांबतो. तू ठरव.
‘थांब,’ म्हणाला. थांबायला सांगितलं की नुसताच विचार करायला वेळ मागितला, ते कळायच्या आत फोन ठेवला.
थांबणार आहे.